चढता हप्ता, उतरता हप्ता

गृहकर्ज मंजूर झालं की परतफेडीचा तक्ता हातात येतो. त्यात दर महिन्याची एक ओळ असते: हप्ता किती, त्यातलं व्याज किती, मुद्दल किती आणि बाकी किती उरली. घर घेणारा पहिला रकाना पाहतो, कारण पगारातून जाणारी रक्कम तिथे असते. शेवटचा, बाकीचा रकाना फारसा कोणी वाचत नाही. चढत्या आणि उतरत्या हप्त्यांचं सगळं गणित मात्र त्याच रकान्यात आहे. या हप्त्यांच्या वंशावळीचा माग काढायचा तर हाच रकाना धरून मागे जावं लागतं.

आधी एक कर्ज डोळ्यांसमोर ठेवू. तिशीतल्या एका जोडप्याने ३० लाख रुपये घेतले आहेत, मुदत २० वर्षं, दर वर्षाला ९ टक्के, म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. हप्ता एकसारखा ठेवला तर तो २६,९९२ रुपये येतो. पहिल्या महिन्याचं व्याज २२,५०० रुपये, त्यामुळे मुद्दलातून फक्त ४,४९२ रुपये कमी होतात. बाकी जसजशी उतरते तसतसा व्याजाचा वाटा घटतो आणि मुद्दलाचा वाढतो. २४० हप्त्यांत एकूण ६४ लाख ७८ हजार रुपये जातात, म्हणजे व्याज ३४ लाख ७८ हजार.

हा ३४ लाख ७८ हजारांचा आकडा येतो कुठून? तक्त्यातल्या प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीची बाकी घ्या, सगळ्या बाक्यांची बेरीज करा आणि तिचा पाऊण टक्का काढा. तेवढंच एकूण व्याज. हप्ता कोणत्याही आकाराचा असो, हा नियम बदलत नाही. बाकी जास्त काळ उंच राहिली तर व्याज वाढतं, लवकर खाली आली तर कमी होतं. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याच्या आधाराने वाचता येतो.

आठवड्यापासून हप्त्यापर्यंत

हप्ता हा शब्द फारसीतून आला. ‘हफ्त’ म्हणजे सात, आणि त्यावरून ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. ठरावीक मुदतीने द्यायची रक्कम हा अर्थ त्याला नंतर चिकटला. महाराष्ट्रात तुकड्यातुकड्याने फेडण्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात फार तीव्रपणे उभा राहिला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. दख्खनच्या दंग्याची ती सुरुवात. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्याने न्यायालयाला जुन्या हिशेबाच्या मुळाशी जाण्याची मुभा दिली आणि देणं हप्त्यांनी फेडण्याचा हुकूम देण्याचा अधिकारही दिला. एकरकमी वसुलीत शेतकऱ्याची जमीन जात होती. हप्तेबंदीमुळे फेडीची वाट ऋणकोच्या उत्पन्नाशी जुळवून घेता येते, हे तत्त्व आपल्याकडे कायद्यात उतरलं ते असं.

पण हप्ते पाडायचे कसे? सर्वांत सोप्या रीतीला कोणतंही कोष्टक लागत नाही. मुद्दलाचे सारखे भाग करायचे आणि प्रत्येक वेळी उरलेल्या बाकीवरचं व्याज त्यात मिळवायचं. आपल्या ३० लाखांचे २४० भाग केले तर दर महिन्याला १२,५०० रुपये मुद्दल. पहिल्या महिन्यात त्यावर २२,५०० व्याज, म्हणजे हप्ता ३५,००० रुपये. पुढच्या महिन्यात बाकी १२,५०० ने कमी, म्हणून व्याज पावणेचौऱ्याण्णव रुपयांनी कमी. असं दर महिन्याला उतरत शेवटचा हप्ता १२,५९४ रुपयांवर येतो. हा उतरता हप्ता मुद्दाम कोणी घडवलेला नाही. सरळ हिशेबातून तो आपोआप पडतो. व्यवसायाच्या मुदत कर्जांत ही रीत आजही चालते.

या रीतीत एकूण व्याज २७ लाख ११ हजार होतं, एकसारख्या हप्त्यापेक्षा ७ लाख ६७ हजारांनी कमी. त्यात कोणाची सवलत नाही. मुद्दल पहिल्या दिवसापासून वेगाने कमी होत असल्यामुळे बाकीच्या रकान्याची बेरीज लहान राहते, इतकंच कारण. अडचण आहे ती सुरुवातीची. ३५,००० रुपयांचा हप्ता २७,००० च्या खाली यायला ८७ वा महिना उजाडतो. सात वर्षं जास्त भार सोसायचा, तोही घर नवं आणि पगार कमी असताना.

सपाट हप्त्याचा जन्म

हा भार पसरवून सगळे हप्ते सारखे करायचे तर चक्रवाढीची कोष्टकं लागतात. सायमन स्टेव्हिनने १५८२ मध्ये व्याजाची कोष्टकं छापली आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड विटचं वार्षिकींवरचं पुस्तक १६१३ मध्ये आलं. ठरावीक दराने, ठरावीक मुदतीत, ठरावीक रक्कम दरसाल भरली तर तिची आजची किंमत किती, हे त्या कोष्टकांतून काढता येऊ लागलं. आजचा ईएमआय काढण्याचं सूत्र याच घराण्यातलं.

गणित हाताशी असूनही सामान्य घरमालकापर्यंत सपाट हप्ता पोचायला तीन शतकं गेली. अमेरिकेत १९२० च्या दशकात घरासाठीची बरीच कर्जं तीन ते पाच वर्षांची असत. मधल्या काळात मुख्यतः व्याज भरायचं आणि मुदत संपली की मुद्दल एकदम द्यायचं किंवा कर्ज नव्याने करायचं. महामंदीत बँकाच बुडू लागल्या तेव्हा नवं कर्ज मिळेना आणि घरं गेली. मग १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन स्थापन झालं. या संस्थेने ती कर्जं आपल्याकडे घेऊन १५ वर्षांच्या समान हप्त्यांत बदलली. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन आलं आणि विम्याचं संरक्षण असलेली, २० वर्षांपर्यंतची समान हप्त्याची कर्जं रुळली. सपाट हप्त्याचं मोठेपण एकाच गोष्टीत होतं: प्रत्येक हप्त्यात थोडं तरी मुद्दल फिटतं, त्यामुळे मुदतीच्या शेवटी डोंगर उभा राहत नाही.

महागाईने पाडलेला उतार

सपाट हप्ता कागदावर सपाट असतो, पण भाव वाढत असताना त्याचं वजन सपाट राहत नाही. वर्षाला ७ टक्के महागाई धरली तर आपल्या जोडप्याच्या २६,९९२ रुपयांची किंमत दहा वर्षांनी आजच्या सुमारे १३,७०० रुपयांएवढीच उरते. म्हणजे कर्जाचा खरा भार पहिल्या वर्षांत एकवटतो आणि शेवटी हप्ता हलका होतो. महागाई जास्त असली की व्याजाचा दरही चढतो, आणि हा उतार आणखी तीव्र होतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेत नेमकं हेच घडलं. फ्रँको मोदिग्लियानी आणि डोनाल्ड लेसार्ड यांनी १९७५ मध्ये गृहकर्जांच्या नव्या रचनांवरचा जो अभ्यास संपादित केला, त्यात हा प्रश्न मध्यवर्ती होता. तरुण कुटुंबाचं उत्पन्न पुढे वाढणार हे दिसत असूनही पहिल्या वर्षीचा हप्ता त्याला घराबाहेर ठेवत होता. यावरचा एक उपाय म्हणजे चढता हप्ता. १९७४ च्या गृहनिर्माण कायद्याने कलम २४५ जोडून अशा कर्जांना विम्याचं दार उघडलं. पुढे त्यात पाच योजना ठरल्या. तीन योजनांत हप्ता पाच वर्षं दरसाल अडीच, पाच किंवा साडेसात टक्क्यांनी वाढे. उरलेल्या दोहोंत तो दहा वर्षं दोन किंवा तीन टक्क्यांनी वाढे. वाढीचा काळ संपला की हप्ता शेवटपर्यंत सारखा.

साडेसात टक्क्यांची तिसरी योजना आपल्या ३० लाखांवर लावून पाहू. दर तोच ९ टक्के, मुदत तीच २० वर्षं. पहिल्या वर्षीचा हप्ता २०,५९८ रुपये निघतो, म्हणजे सपाट हप्त्यापेक्षा महिन्याला सुमारे ६,४०० रुपये कमी. दुसऱ्या वर्षी तो २२,१४३, तिसऱ्या वर्षी २३,८०३, चौथ्या वर्षी २५,५८९ आणि पाचव्या वर्षी २७,५०८ होतो. सहाव्या वर्षापासून शेवटपर्यंत २९,५७१.

आता बाकीचा रकाना. पहिल्या महिन्याचं व्याज २२,५०० आणि हप्ता २०,५९८. उरलेलं १,९०२ रुपये व्याज कुठे जाणार? ते मुद्दलात जमा होतं. हप्ता वेळेवर भरूनही पहिल्या वर्षाच्या शेवटी देणं ३० लाख २४ हजार होतं आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ३० लाख ३० हजार. तिसऱ्या वर्षी हप्ता व्याजाच्या पुढे जातो तेव्हा कुठे बाकी उतरू लागते. पाच वर्षं संपली तेव्हा २९ लाख १६ हजार देणं बाकी असतं. सपाट हप्त्यात याच वेळी २६ लाख ६१ हजार उरलेले असतात.

एकूण व्याज ३७ लाख ५८ हजार, म्हणजे २ लाख ८० हजारांनी जास्त. हे जास्तीचं व्याज असं बनतं: पहिल्या पाच वर्षांत जोडप्याने सपाट हप्त्यापेक्षा १ लाख ८४ हजार रुपये कमी भरले, आणि उरलेल्या १५ वर्षांत दर महिन्याला २,५७९ रुपये जास्त, एकूण ४ लाख ६४ हजार. दोहोंतली तफावत म्हणजे २ लाख ८० हजार. सावकाराने दर वाढवलेला नाही. जोडप्याने पाच वर्षांत १ लाख ८४ हजार रुपये आणखी उसने घेतले आणि त्यांवरही तेच ९ टक्के भरले. चढत्या हप्त्याच्या पोटात असं दुसरं, छोटं कर्ज असतं.

हे दुसरं कर्ज घ्यावं की नाही, हे पगारावर ठरतं. पगार दरसाल दहा टक्क्यांनी वाढला तर सहाव्या वर्षीचा २९,५७१ रुपयांचा हप्ता पहिल्या वर्षीच्या २०,५९८ पेक्षाही पगाराच्या मानाने हलका असतो. पगार थांबला तर तोच हप्ता पहिल्यापेक्षा ४४ टक्क्यांनी जड. अमेरिकेत महागाई १९८० मध्ये साडेतेरा टक्क्यांच्या आसपास होती आणि १९८३ पर्यंत तीन टक्क्यांच्या जवळ आली. जे हप्ते वेगाने वाढणाऱ्या पगारांचा आधार धरून आखले होते, ते करारातल्या आकड्यांनुसार चढतच राहिले. महागाईने पगार वाढवणं थांबवलं, हप्त्याने वाढणं थांबवलं नाही. वाढलेली बाकी आणि न वाढलेली घराची किंमत एकत्र आली की घर विकूनही कर्ज फिटत नाही. म्हणूनच अशा कर्जांत खरेदीच्या वेळी स्वतःची रक्कम जास्त घालायला लावत.

मुंबईतली शाखा

हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये मुंबईत एचडीएफसी उभी केली तेव्हा आपल्याकडे नोकरदार माणूस बहुधा निवृत्तीच्या आसपास, भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून घर बांधत असे. लांब मुदतीचं, मासिक हप्त्याचं कर्ज हीच तेव्हा नवी गोष्ट होती. सपाट हप्ता रुजल्यावर त्याच्या फांद्याही फुटल्या. एचडीएफसीने तरुणांसाठी ‘स्टेप अप रिपेमेंट फॅसिलिटी’ आणली. ज्यांचं उत्पन्न पुढे कमी होणार आहे त्यांच्यासाठी ‘फ्लेक्झिबल लोन इन्स्टॉलमेंट प्लॅन’ आणला. स्टेट बँकेने २०१६ मध्ये ‘फ्लेक्सिपे’ काढलं. त्यात सुरुवातीची काही वर्षं फक्त व्याज आणि त्यानंतर हळूहळू चढणारे हप्ते.

या भारतीय शाखेचा पाया अमेरिकन योजनेपेक्षा थोडा वर आहे. सुरुवातीचा हप्ता सहसा निदान व्याजाएवढा ठेवतात, म्हणजे बाकी वाढत नाही. आपल्या कर्जात पहिली तीन वर्षं फक्त २२,५०० रुपये भरले आणि नंतर १७ वर्षं सारखा हप्ता ठेवला तर तो २८,७६४ रुपये येतो. एकूण व्याज ३६ लाख ७८ हजार, सपाट हप्त्यापेक्षा २ लाखांनी जास्त. तीन वर्षं भरूनही बाकी ३० लाखच असते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडे एक वेगळा धोका आहे. इथली बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ३० लाखांच्या बाकीवर दर एका टक्क्याने वाढला तर महिन्याचं व्याज २२,५०० वरून २५,००० होतं. सपाट हप्त्याला ते झेपतं, मुदत मात्र वाढते. २२,५०० च्या चढत्या हप्त्याला ते झेपत नाही आणि बाकी अमेरिकन योजनेसारखीच वर सरकू लागते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दर बदलताना हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं किंवा दोन्ही यांची निवड कर्जदाराला द्यायला सांगितलं आणि मुदत वाढवताना व्याज मुद्दलात साचू नये अशी ताकीद दिली. सुप्याच्या वह्यांत जी गोष्ट दिसत नव्हती, ती दिसावी म्हणूनच हे नियम आहेत.

चढत्या हप्त्याची विक्री मात्र बहुधा दुसऱ्या वाक्याने होते: ‘याच पगारावर जास्त कर्ज मिळेल.’ हे खरं आहे. २६,९९२ रुपयांपासून सुरू होऊन वरच्याच रीतीने चढणाऱ्या हप्त्यावर ३० ऐवजी ३९ लाख ३१ हजार कर्ज बसतं. सहाव्या वर्षी त्याचा हप्ता ३८,७५० होतो. या वापरात चढता हप्ता सुरुवातीचा भार हलका करत नाही. भार तोच राहतो आणि घर महाग होतं.

एकाच नावाची दोन रूपं

उतरत्या हप्त्याचं आजचं गिऱ्हाईक पन्नाशीतलं असतं. नवरा-बायको दोघं कमावतात आणि आठ वर्षांनी एकाची निवृत्ती आहे असं समजू. तेच ३० लाख, त्याच दराने. आठ वर्षं एक हप्ता आणि नंतरची १२ वर्षं त्याच्या निम्मा, अशी आखणी केली तर आधी ३३,४४४ आणि नंतर १६,७२२ रुपये येतात. पहिल्या महिन्यातच ४,४९२ ऐवजी १०,९४४ रुपये मुद्दल फिटतं. आठ वर्षांनी बाकी १४ लाख ६९ हजार, जिथे सपाट हप्त्यात ती २३ लाख ७२ हजार असते. एकूण व्याज २६ लाख १९ हजार, म्हणजे ८ लाख ५९ हजारांनी कमी. ही बचत आयती येत नाही. पहिली आठ वर्षं महिन्याला जास्त भरलेल्या साडेसहा हजारांची ती ९ टक्क्यांची कमाई आहे. ते पैसे दुसरीकडे खात्रीने याहून जास्त मिळवत असतील, किंवा आजारपणासाठी हाताशी ठेवायला हवे असतील, तर उतरता हप्ता निवडण्याचं कारण उरत नाही.

शेवटी एक घोटाळा सोडवायला हवा, कारण त्यात लाखोंचा फरक पडतो. ‘दरसाल हप्ता वाढवा आणि लाखोंचं व्याज वाचवा’ हा सल्लाही चढत्या हप्त्याच्याच नावाने दिला जातो. आपल्या जोडप्याने २६,९९२ च्या सपाट हप्त्यापासून सुरुवात करून तो दरसाल ५ टक्क्यांनी वाढवला तर कर्ज १२ वर्षं आणि एका महिन्यात फिटतं आणि व्याज सुमारे २२ लाखांवर थांबतं. बाराव्या वर्षी हप्ता ४६ हजारांवर गेलेला असतो. म्हणजे एका चढत्या हप्त्यात व्याज २ लाख ८० हजारांनी वाढतं आणि दुसऱ्यात पावणेतेरा लाखांहून जास्त वाचतं. दोन्हींत हप्ता चढतोच. फरक फक्त सुरुवात कुठून झाली याचा. पहिला सपाट रेषेच्या खालून निघाला आणि मुदत धरून राहिला. दुसरा रेषेवरून निघाला आणि त्याने मुदतच खाऊन टाकली.

तेव्हा कोणताही आकार समोर आला तर दोन आकडे मागावेत: पहिल्या महिन्याचं व्याज आणि पाच वर्षांनंतरची बाकी. एप्रिल २०२४ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार कर्जाच्या मुख्य माहितीपत्रकासोबत परतफेडीचा तक्ता देणं आता बंधनकारक आहे, त्यामुळे दोन्ही आकडे सहीच्या आधी हातात असतात. पहिला हप्ता त्या व्याजाच्या खाली असेल तर देणं वाढणार. सपाट हप्त्याची पाच वर्षांनंतरची बाकी शेजारी लिहिली तर पोटातलं दुसरं कर्ज किती आहे ते नेमकं दिसतं. आपल्या उदाहरणात पाच वर्षांत साचलेलं व्याज धरून ते २ लाख ५४ हजार होतं. त्या जोडप्याला तेवढं कर्ज हवं असेल तर त्यांनी ते घ्यावं, पण ते घेतो आहोत हे माहीत असताना घ्यावं.